वाटीभर वरणाचा हिशेब

माझ्या पहिल्या चिठ्ठीला उत्तर आलं नाही. रक्तातली साखर वाढल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी मला जेवणातली प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्धांश मोजायला सांगितले होते. जिममधली मुलं ज्यांना ‘मॅक्रो’ म्हणतात ते हेच तिन्ही. मी ऑफिसच्या कॅन्टीनच्या व्यवस्थापकांना लिहिलं, ‘रोजच्या थाळीतल्या प्रथिनांचे आकडे कळवावेत.’ पण हे आकडे त्यांच्याकडे असणार कुठून? त्यांच्याकडे असते कोठीची वही. आज डाळ किती निघाली, तेल किती, कणीक किती, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि हिशेबाला नेमकं तेच लागतं. दुसरं पत्र मी त्या वहीच्या भाषेत लिहिलं:

‘सप्रेम नमस्कार. मी रोज दुपारी आपल्याकडे जेवते. जेवणाबद्दल काहीही तक्रार नाही. प्रकृतीच्या कारणाने मला खाण्याचं मोजमाप ठेवावं लागतं. वरण, भात, पोळी आणि सुकी भाजी यांची एका दिवसाची माहिती मिळाल्यास आभारी राहीन. एका वेळच्या स्वयंपाकाला कच्चा जिन्नस किती लागतो: डाळ, तांदूळ, कणीक, भाजी, तेल, तूप, गूळ, खोबरं, दाण्याचं कूट? शिजल्यावर भरलेल्या पातेल्याचं वजन किती आणि रिकाम्याचं किती? एका डावात किती ग्रॅम येतं? 5 किलो कणकेच्या पोळ्या किती होतात? मसाल्यांचं प्रमाण नको. वजन करायला मी स्वतः सकाळी येईन.’

मसाल्यांचं वाक्य मुद्दाम घातलं. आचाऱ्याला आपली कृती कुणी काढून घेतंय असं वाटू नये, आणि ताटागणिक पोटात जाणाऱ्या चिमूटभर मसाल्याने हिशेबात फरकही पडत नाही. खोबरं आणि कूट मात्र सोडून चालत नाही, कारण त्यांत तेल भरपूर असतं.

पत्राचा गाभा पातेल्याच्या वजनात आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं दिली आहेत, पण ती कच्च्या, कोरड्या डाळीत. ताटातल्या वाटीत बहुतेक पाणीच असतं. 150 ग्रॅम वरणाला हा आकडा लावला तर 33 ग्रॅम प्रथिनं निघतात, आणि माणूस खुशाल समजतो की दिवसाची निम्मी गरज भागली.

आता आमच्या कॅन्टीनचं वरण बघा. 4 किलो डाळ, फोडणीला अर्धा किलो तेल. रिकाम्या पातेल्याचं वजन वजा केल्यावर वरण भरलं 24 किलो. एक डाव 150 ग्रॅमचा, म्हणजे पातेल्याचा 160वा भाग. माझ्या वाटीत आली 25 ग्रॅम डाळ आणि जेमतेम 3 ग्रॅम तेल. प्रथिनं साडेपाच ग्रॅम, कर्बोदकं साधारण 14. पाणी जास्त झालं तर पातेलं जड होईल आणि वाटीतली डाळ कमी होईल. म्हणून शिजल्यानंतरचं वजन लागतंच.

पोळीला ते लागत नाही, कारण पोळ्या मोजता येतात. 5 किलो कणकेच्या 200 झाल्या, म्हणजे पोळीला 25 ग्रॅम कणीक आणि सुमारे 16 ग्रॅम कर्बोदकं. वरून लावलेलं तेल वेगळं धरायचं.

मला खरा धक्का बसला तो बटाट्याच्या भाजीने. 10 किलो तयार भाजीत लिटरभर तेल होतं. लिटर म्हणजे किलो नव्हे. तेल पाण्याहून हलकं असल्यामुळे ते सुमारे 910 ग्रॅम भरतं. शंभर ग्रॅम भाजीत 9 ग्रॅम तेल आलं. तेलाच्या ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे 80च्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेवढ्या वजनाच्या बटाट्यातही इतक्या नसतात. मी मात्र इतके दिवस बटाट्यालाच बोल लावत होते.

काही ठिकाणी ही पद्धत अडते. तळणीच्या पदार्थाचं तेल कृतीवरून कळत नाही. कढईतलं तेल तळण्याआधी आणि नंतर तोलून, आलेली तूट नगांवर वाटावी लागते. रस्सा असेल तर तर्री वर तरंगते. लवकर जेवायला येणाऱ्याच्या वाटीत जास्त तेल जातं, उशिरा येणाऱ्याच्या वाटीत कमी. सरासरी काढली तरी ती दोघांनाही लागू पडत नाही. शिवाय वाढप्याचा हात बदलला की डावही बदलतो. मी पाच दिवस पाच डाव तोलले, तर ते 130 ते 175 ग्रॅमच्या दरम्यान आले.

आता व्यवस्थापकांनी वरणाच्या पातेल्यावर रिकामं वजन रंगाने लिहून ठेवलंय. बुधवारी मटकीची उसळ असते; तिच्या कच्च्या मटकीचं वजन भिजवण्याआधी घ्यायचं, असं आमचं ठरलंय.