पेट्रोल ४० डॉलरचं, अडकले १७५!

कराडला हायवेच्या पंपावर आधी पेट्रोल भरतात, मग नेमक्या रकमेसाठी कार्ड चालवतात. अमेरिकेत मुलांकडे गेलात की उलटं: आधी कार्ड, मग पेट्रोल. किती भरणार हे पंपाला माहीत नसतं, म्हणून बँक मोठी रक्कम रोखून ठेवते. व्हिसा-मास्टरकार्डने या रकमेची मर्यादा २०२२ मध्ये १२५ वरून १७५ डॉलर केली. म्हणजे ४० डॉलरचं पेट्रोल भरलं, तरी वरचे १३५ अडकू शकतात. ते कापलेले नसतात. ॲपमध्ये 'Pending' दिसतं. पंपाने अंतिम रक्कम कळवली की बँक ते सोडते: कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांनी. डेबिट कार्डावर मात्र तेवढे दिवस खात्यातले खरे पैसे अडकतात. त्यापेक्षा आत काउंटरवर जाऊन ४० डॉलर सांगूनच भरा.