दर पंधरा तासांनी एक

रोज १० बाळंतपणं होणारं एखादं रुग्णालय घ्या. वर्षाची झाली ३,६५०. गर्भजल आईच्या रक्तात शिरून ओढवणारं संकट, डॉक्टरांच्या बोलण्यातलं 'एएफई', साधारण ४०,००० बाळंतपणांमागे एकदा येतं. म्हणजे या रुग्णालयाच्या वाट्याला ११ वर्षांतून एकदा. पण भारतात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख बाळं जन्मतात. त्याच हिशेबानं देशात दर १५ तासांनी एक.

समजा, ३ वाजून १० मिनिटांनी बाळ रडलं, वारही पडली. ३.१४ ला बाई म्हणते, "जीव घाबरतोय." ओठ निळे पडतात, रक्तदाब कोसळतो. गर्भजल किती शिरलं, याला फारसा अर्थ नाही. बाळाच्या पेशी धडधाकट बाळंतिणींच्या रक्तातही सापडतात. घात करते ती शरीराची प्रतिक्रिया. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाची उजवी बाजू फुगते आणि डाव्या बाजूला रक्तच पोचत नाही.

यातून सावरली, तर पुढे रक्त गोठेनासं होतं. सलाइनच्या सुईच्या जागेतूनही ते पाझरू लागतं. तपासणी साधी आहे: काचेच्या कोरड्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं आणि नळी मुठीत ऊबेला धरायची. ७ मिनिटांत घट्ट गुठळी झाली नाही, तर रक्ताची गोठण्याची ताकद गेली. भरल्या दिवसांत गर्भाशयातून मिनिटाला ६००-७०० मिली रक्त वाहतं आणि अंगात असतं सुमारे ६ लिटर. तोच वेग राहिला, तर कागदावर सगळा साठा ९-१० मिनिटांचा.

बाळ पोटात असतानाच हृदय थांबलं, तर छाती दाबणं चालू ठेवून चौथ्या मिनिटाला सिझेरियन सुरू करायचं आणि पाचव्यापर्यंत बाळ बाहेर काढायचं. तेही आधी आईसाठी: गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवरून उतरला की हृदयाकडे रक्त परततं.

दुसऱ्या आजाराचं घड्याळ आठवड्यांचं आहे. 'पेरीपार्टम कार्डिओमायोपॅथी'त शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या ५ महिन्यांपर्यंत कधीही हृदयाची डावी बाजू सैल पडते. निरोगी हृदय दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर फेकतं. इथे ते प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली येतं. भारतातल्या एका रुग्णालयाच्या अभ्यासात हा आजार १,३७४ बाळंतपणांमागे एकीला आढळला. तोच दर धरला, तर आपल्या रुग्णालयात वर्षाला दोन-तीन.

तरी तो निसटतो. पाय सुजणं, दम लागणं, झोप न लागणं हे सगळं बाळंतिणीच्या थकव्यात खपून जातं आणि एके दिवशी ती कोसळते. इको केला की फरक दिसतो: एएफईच्या सुरुवातीला उजवी बाजू फुगलेली, इथे डावी सैल. पण इकोच्या आधी एक प्रश्न पुरेसा असतो: "रात्री आडवं पडता येतं, की दोन-तीन उशा लागतात?"