भेट पाठीसाठी, पण ठेवायची पायाखाली

आज मैत्री दिन. गेला आठवडाभर मोबाइल उघडला की घरून काम करणाऱ्या मित्र-मैत्रिणींसाठीच्या भेटवस्तू समोर येताहेत : पलंगावर मांडायचं घडीचं टेबल, मऊ बीन बॅग, खांदे मागे ओढणारा पट्टा, कमरेची जाडजूड उशी, उंच पाठीची ‘बॉस’ खुर्ची. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण दिवसाचे आठ-दहा तास घरच्या टेबलाशी बसणाऱ्याच्या पाठीला यातल्या काही वस्तू त्रासच देतात. आणि खरोखर उपयोगी पडेल अशी एक वस्तू या जाहिरातींत क्वचितच दिसते. ती म्हणजे पायाखाली घ्यायचा पाट.

आधी पलंगावरच्या टेबलाबद्दल, कारण भेट म्हणून ते फार लोकप्रिय आहे. अमेरिकेतल्या ओमाहा शहरातले न्यूरोसर्जन जे. जे. कीगन यांनी १९५३ साली निरनिराळ्या स्थितीतल्या माणसांचे एक्स-रे काढून कमरेच्या मणक्यांचा बाक कसा बदलतो हे दाखवलं. धड आणि मांडी यांच्यातला कोन सुमारे १३५ अंशांचा असताना हा बाक सर्वात नैसर्गिक राहतो. कोन ९० अंशांवर आला की कमर सपाट होऊ लागते, आणि त्याहून कमी झाला की उलट दिशेला वाकते. यामागे मांडीच्या मागच्या स्नायूंचा मोठा हात आहे. ते बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. पलंगावर पाय लांब करून बसलं की ते ताणले जातात आणि कटीचं हाड मागे खेचतात. मग कमर गोल होते, तिच्यामागोमाग पाठ वाकते, आणि पडदा दिसावा म्हणून मान तेवढी वर काढावी लागते. अर्धा तास सिनेमा पाहायला ही बैठक चालेल, रोजच्या कामाला नाही. बीन बॅगेतही हेच होतं. ढुंगण गुडघ्यांपेक्षा खाली जातं, कोन ९०च्या आत येतो आणि कंबरेला टेकू मिळत नाही. काम करणाऱ्याला या दोन वस्तू देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पाटाकडे येते. आपल्याकडे घरून काम म्हणजे बहुतेक वेळा जेवणाचं टेबल. त्याची उंची साधारण ७५ सेंटिमीटर आणि खुर्चीची ४५. ही मापं उंच माणसाला जमतात, आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना जमत नाहीत. माझी एक मैत्रीण नाशिकच्या घरातून पुण्यातल्या कंपनीचं काम करते. तिची उंची १५५ सेंटिमीटर. “अगं, संध्याकाळी खांदे नुसते दगड होतात,” असं ती फोनवर सारखी म्हणायची, म्हणून एका सुट्टीत टेप घेऊन तिच्या शेजारी बसले. चप्पल घालून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत ३९ सेंटिमीटर भरले. बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत, हात सैल सोडून, २१.

म्हणजे ४५च्या खुर्चीवर तिचं कोपर जमिनीपासून ६६वर आणि टेबल ७५वर. टाइप करायला हात नऊ सेंटिमीटर वर उचलायचे, तर दिवसभर खांदे आखडून धरावे लागणार. खांद्यांचे दगड होत होते ते यामुळे. त्याच वेळी तिचे पाय जमिनीपासून सहा सेंटिमीटर अधांतरी. अधांतरी पायांनी फार वेळ बसवत नाही. माणूस पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसतं, नाहीतर एक पाय मांडीखाली दुमडून घेतं. ती दोन्ही करायची. कडेवर बसलं की पाठीचा टेकू सुटतो, आणि पाय दुमडला की कटी एका बाजूला कलते. तिच्या खुर्चीला चांगली पाठ होती, पण त्या पाठीला ती दिवसभरात टेकतच नव्हती.

यावर उपाय असा की बैठक नऊ सेंटिमीटर वर घ्यायची, म्हणजे ५४वर. कोपर टेबलाच्या पातळीला आलं. पण आता पाय पंधरा सेंटिमीटर अधांतरी झाले. ते पंधरा सेंटिमीटर भरून काढतो तो पाट. पायाखाली आधार आला की मांड्यांवरचा खुर्चीच्या कडेचा दाब जातो, माणूस आपोआप मागे सरकतं आणि पाठ टेकते. पाठीला नुसता टेकू देऊन हे होत नाही, कारण शरीर पुढे घसरत असताना मागची उशी कितीही चांगली असली तरी ती रिकामी राहते.

इथे एक अडचण आली आणि ती बऱ्याच घरांत येईल. जेवणाच्या टेबलाला फळीखाली चारी बाजूंनी लाकडी पट्टी असते. तिच्या टेबलाची पट्टी जमिनीपासून ६६वर संपत होती. ५४ची बैठक आणि त्यावर १३ सेंटिमीटरची मांडी म्हणजे ६७. गुडघे पट्टीला घासू लागले. शेवटी काम मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर हलवलं. उंची तीच, पण खाली पट्टी नाही, खण नाही. खुर्ची वरखाली होणारी घेतली. पाट मात्र बाजारात मनासारखा मिळाला नाही, म्हणून सुताराकडून करून घेतला : ४५ सेंटिमीटर रुंद, ३० खोल, जवळची कड १२ सेंटिमीटर उंच आणि लांबची १६, खाली घसरू नये म्हणून रबर. रुंदी मुद्दाम जास्त ठेवली, म्हणजे पाय हलवता येतात. देवघरातला किंवा जेवणाचा जुना पाट असेल तर तोही चालतो, पण तो बहुतेक वेळा बुटका असतो. अंतर किती भरायचं ते आधी मोजावं.

दुसरा मार्ग आहे आणि जुनं लाकडी टेबल हाताशी असेल तर मला तो जास्त आवडतो. टेबलाचे पायच कापायचे. माझ्या मैत्रिणीला ३९-४०च्या बैठकीवर पाय जमिनीला टेकवून बसायचं असेल, तर टेबल ६० सेंटिमीटरच्या आसपास हवं. सुताराचा तासाभराचा वेळ भेट म्हणून देणं ही कल्पना अनेकांना विचित्र वाटेल, पण बुटक्या माणसाला याहून उपयोगी भेट सुचत नाही. अट एवढीच की ते टेबल फक्त त्याच माणसाचं हवं.

‘बॉस’ खुर्ची याच हिशेबात नापास होते. तिची बैठक बहुधा खोल असते. मागे टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं राहायला हवीत. बुटक्या माणसाच्या बाबतीत कड आधी गुडघ्याला लागते, मग ते पुढे सरकतं आणि टेकू पुन्हा सुटतो. अशा खोल खुर्चीत कमरेची उशी खरंच कामाची, कारण ती बैठकीची खोली कमी करते. पण तीच जाड उशी उथळ खुर्चीत माणसाला कडेवर ढकलते. उशी विकत घेण्याआधी मैत्रिणीला टॉवेलची गुंडाळी कमरपट्ट्याच्या उंचीवर ठेवून आठवडाभर बसायला सांगा. ती गुंडाळी संध्याकाळी जागेवरच सापडली, तर तेवढ्याच जाडीची उशी घ्या. काढून बाजूला ठेवलेली दिसली, तर घेऊ नका.

लॅपटॉपच्या स्टँडबद्दल थोडक्यात. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे पडदा डोळ्यांशी आणला की हात वर जातात आणि हात नीट ठेवले की मान खाली जाते. नुसता स्टँड दिला तर मानेचं दुखणं खांद्यावर जातं. वेगळा कीबोर्ड आणि माउस यांच्यासह दिला तरच ती भेट पुरी. माझ्या मैत्रिणीला पडदा वीस-बावीस सेंटिमीटर उचलावा लागला, दहा-बारा सेंटिमीटर उचलणारा स्टँड तिला पुरला नसता. मात्र समोरचा माणूस प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा लावत असेल तर पडदा खालीच ठेवावा. जवळचं पाहायचा भाग भिंगाच्या तळाशी असतो, त्यामुळे उंच पडदा वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि नवीनच मानदुखी सुरू होते.

खांदे ओढणारा पट्टा मी कुणाला देणार नाही. त्याची भिस्त एकाच ताठ बैठकीवर आहे. जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाब मोजणारं सेन्सर बसवून सुमारे चोवीस तासांच्या नोंदी घेतल्या होत्या. मागे रेलून सैल बसल्यावरचा दाब, टेकूशिवाय ताठ बसल्यावरच्या दाबापेक्षा कमी निघाला. हा प्रयोग एकाच माणसावरचा, त्यामुळे त्यावरून लोळून बसा असा नियम काढता येत नाही. पण ताठ म्हणजे निर्दोष, या समजुतीला त्याने मोठा धक्का दिला. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. दाब वाढला की द्रव बाहेर जातो, कमी झाला की आत येतो, म्हणून स्थिती बदलत राहणं हीच तिची गरज. त्या दृष्टीने चांगला ब्लूटूथ हेडसेट ही मला पट्ट्यापेक्षा कितीतरी सरस भेट वाटते, कारण ज्या मीटिंगमध्ये फक्त ऐकायचं असतं ती फेऱ्या मारत ऐकता येते.

एक मर्यादाही सांगते. दुखणं ढुंगणातून पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, तर पाट-उशीच्या नादी न लागता मैत्रिणीला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी.

आणि भेट गुपचूप द्यायची असेल तर? कामावर बसलेली असताना बाजूने काढलेला एक फोटो मागवा. पाय खुर्चीच्या दांडीवर चढवलेले किंवा मांडीखाली दुमडलेले दिसले, तर पाट हवाच. उंची माहीत असेल तर तिचा चौथा हिस्सा म्हणजे गुडघ्याच्या खळगीची अदमासे उंची. १५५चा चौथा हिस्सा ३९ होतो. खुर्चीच्या बैठकीच्या उंचीतून तो वजा करा, उरेल तेवढा पाट. मात्र खांदे वर चढलेले दिसले तर खुर्चीही वर घ्यावी लागणार, तेव्हा पाटाचं माप खुर्ची वर घेतल्यानंतरच काढा.