तास मिळवू नका, वेग मिळवा

गच्चीवरची टाकी एका नळाने 12 तासांत भरते, दुसऱ्याने 15 तासांत. दोन्ही सोडले तर? मुलं पटकन 12 आणि 15 मिळवतात आणि तिथेच गणित फसतं. दोन नळ मिळून एका नळापेक्षा जास्त वेळ कसा घेतील? उत्तर 12 पेक्षा कमीच हवं, एवढं पाहिलं तरी चूक सापडते.

मिळवायचा असतो तासाभराचा वेग. मी टाकी 60 बादल्यांची मानतो, कारण 60 ला 12 आणि 15 दोन्हींनी भाग जातो. पहिला नळ तासाला 5 बादल्या देतो, दुसरा 4. आता समजा, भरलेली टाकी 20 तासांत रिकामी करणारी खालची तोटी चुकून उघडी राहिली. ती तासाला 3 बादल्या घालवते. म्हणजे टाकीत पडतात 6. चार तासांनी तोटी बंद केली, तेव्हा 24 बादल्या भरलेल्या, 36 बाकी. पुढे तासाला 9, म्हणून आणखी 4 तास. एकूण 8.

मजूर मध्येच कामावर आला किंवा निघून गेला, तरी असंच: तिथे हिशेब तोडायचा, उरलेलं काम मोजायचं, नव्या वेगाने भागायचं.

खऱ्या टाकीत मात्र पाणी खाली गेलं की तोटीची धार मंदावते; गणितात ती एकसारखी धरलेली असते.