मुलाकात : जाळीतून आणि पडद्यावरून

कारागृहातल्या बंद्याला घरच्यांनी नेमून दिलेल्या वेळी भेटणे म्हणजे मुलाकात. ही भेट समोरासमोर होते, म्हणजे मध्ये जाळी किंवा काच असते; किंवा व्हिडिओ कॉलवर होते. दोन्हींचे नियम एकाच मुळातून आलेले आहेत. पडद्यावरची भेट हा नवा, वेगळा हक्क आहे असे अनेक कुटुंबांना वाटते. तसे नाही. जुन्या मुलाकातीचीच ती दुसरी पद्धत आहे. माणसांची यादी तीच, परवानगी देणारा अधिकारी तोच आणि सहसा आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या हिशेबात धरली जाणारी भेटही तीच. हे एकदा लक्षात आले की पुढच्या बऱ्याचशा अडचणींचा उलगडा होतो.

कारागृह हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. म्हणून किती भेटी, किती मिनिटे, कोणत्या दिवशी, हे प्रत्येक राज्याची नियमावली ठरवते आणि त्यातला वारांचा व वेळेचा तपशील त्या त्या कारागृहाचा अधीक्षक ठरवतो. सगळ्यांच्या मुळाशी १८९४ चा कारागृह अधिनियम आहे. त्याचे कलम ४० सांगते की ज्यांचा खटला अजून चालू आहे, अशा बंद्यांना भेटू इच्छिणाऱ्यांना योग्य वेळी व योग्य निर्बंधांसह आत येऊ देण्याची सोय असली पाहिजे. पुढचे कलम ४१ भेटीला येणाऱ्याचे नाव-पत्ता विचारण्याचा आणि त्याची झडती घेण्याचा अधिकार देते, पण ही झडती कोणा बंद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटकऱ्यासमोर घेता येत नाही. केंद्राने २०१६ मध्ये राज्यांना नमुना म्हणून दिलेल्या कारागृह नियमावलीत पंधरवड्यातून एक भेट, एका वेळी साधारणपणे तीन माणसे आणि अर्ध्या तासापर्यंतचा वेळ, असे माप सुचवले आहे. कच्च्या कैद्याला, म्हणजे न्यायाधीन बंद्याला, पुष्कळ राज्यांत याहून जास्त भेटी मिळतात. दिल्लीत आठवड्याला दोन भेटींची पद्धत आहे. अर्धा तास मात्र बहुतेक ठिकाणी कागदावरच राहतो. बाहेर रांग लांब असली की पंधरा-वीस मिनिटांत पुढच्याचे नाव पुकारले जाते.

या मापांवर न्यायालयाचा अंकुश आहे आणि तो एका खटल्यातून आला. फ्रान्सिस कोराली मुलीन ही ब्रिटिश महिला तस्करीविरोधी कायद्याखाली दिल्लीत स्थानबद्ध होती. तिची साधारण पाच वर्षांची मुलगी तिच्या बहिणीकडे राहत होती आणि या दोघींना तिला महिन्यातून एकदाच भेटता येत होते. वकिलाला भेटायचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून आधी वेळ घ्यावी लागे आणि भेटीत सीमाशुल्क खात्याचा अधिकारी हजर राही. त्याच कारागृहातल्या कच्च्या कैद्यांना मात्र आठवड्यातून दोनदा भेट मिळत होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८१ मध्ये या दोन्ही अटी रद्द केल्या. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलेल्या निकालाचे सूत्र असे की जगण्याच्या हक्कात आपल्या माणसांना भेटणेही येते. त्यावर निर्बंध घालता येतो, पण तो वाजवी हवा आणि मनमानी नको. स्थानबद्धालाही आठवड्याला निदान दोन भेटी मिळाव्यात, असे न्यायालयाने सांगितले. भेटीचे नियम न्यायालयात तपासले जातात तेव्हा आजही हा निकाल पुढे येतो.

नियम काहीही असला तरी प्रत्यक्षात भेटीचे दार उघडते ते एका यादीने. बंदी कारागृहात दाखल होतो तेव्हा आपल्याला कोण भेटायला येईल, त्यांची नावे आणि नाते त्याने लिहून द्यायचे असते. भेट या यादीतल्या माणसांनाच मिळते. अटकेच्या धक्क्यात असलेला माणूस आई, बायको, भाऊ एवढी नावे सांगून मोकळा होतो आणि महिनाभराने मेहुणा किंवा मोठी मुलगी दारात उभी राहते, तेव्हा तिला परत जावे लागते. यादीत बदल करता येतो, पण त्यासाठी अर्ज आतल्या माणसाने करायचा असतो; बाहेरच्याने कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही. कुटुंबाने पहिल्याच भेटीत किंवा पहिल्याच पत्रात विचारायची गोष्ट कोणती असेल तर ही.

समोरासमोरच्या भेटीचा क्रम सगळीकडे जवळपास सारखा आहे. सकाळी नोंदणी, ओळखपत्र, फोटो, झडती, मोबाईल बाहेर ठेवणे, मग पुकारा. काचेच्या दोन बाजूंना बसून इंटरकॉमवर बोलायचे. जिथे अजून जाळी आहे तिथे शेजारच्या दहा जणांच्या आवाजावर आपला आवाज चढवावा लागतो. अधिकारी हजर असतो आणि बोलणे घरगुती बाबींपुरते ठेवावे, इतर बंद्यांविषयी किंवा कारागृहाच्या कारभाराविषयी नको, असा नियम असतो. महाराष्ट्रातल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम वेळोवेळी होतो. त्यात शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांना आपल्या मुलांना काचेविना जवळ घेता येते. ती सवलत आहे, नेहमीच्या वेळापत्रकाचा भाग नाही.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे समोरासमोरच्या भेटी बंद झाल्या आणि व्हिडिओ कॉल देशभर रुळला. साथ सरली, प्रत्यक्ष भेटी पुन्हा सुरू झाल्या, तरी ही सोय राहिली, कारण तिने प्रवासाचा प्रश्न सोडवला होता.

समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका गावातला माणूस तळोजा कारागृहात कच्चा कैदी आहे. अंतर चारशे किलोमीटरहून जास्त आहे. पत्नीला जाऊन भेटायचे तर रात्रीची गाडी, दिवसाची मजुरी बुडणे आणि वीस मिनिटांच्या बोलण्यासाठी दोन दिवस. व्हिडिओ भेटीसाठी ती eprisons.nic.in या सरकारी संकेतस्थळावर ‘ई-मुलाकात’ची नोंदणी करते. स्वतःचे नाव, पत्ता, वय, नाते, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाईल आणि ई-मेल. मग राज्य व कारागृह, बंद्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव व वय. हवी ती तारीख. आणि भेट प्रत्यक्ष की व्हिडिओवर. पडताळणीचा आकडा ई-मेलवर येतो, तो भरला की नोंदणी क्रमांक मिळतो. हा क्रमांक जपून ठेवायचा, कारण अर्जाचे पुढे काय झाले ते त्यावरूनच कळते.

इथे अनेकांची गल्लत होते. नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे. अर्ज कारागृहात पोहोचतो, तिथला कर्मचारी तो बंद्याच्या नोंदीशी आणि यादीशी ताडून पाहतो, त्या मुदतीतली भेट आधी झाली आहे का हे बघतो आणि मग तो मंजूर किंवा नामंजूर होतो. मंजुरी आल्यावर वेळ आणि जोडणीचा तपशील मिळतो. ठरलेल्या वेळी आत बंद्याला बराकीतून व्हिडिओ कक्षात आणून संगणकासमोर बसवतात. संगणक थोडे आणि बंदी बरेच, त्यामुळे आपली वेळ चुकली की ती पुढे सरकत नाही. दुसऱ्याची सुरू होते.

अर्ज फेटाळला जाण्याची कारणे बहुधा साधी असतात. सगळ्यात जास्त त्रास नावाचा. कारागृहातली नोंद न्यायालयाच्या कोठडी आदेशावरून होते आणि त्यात नाव जसे लिहिले गेले तसेच अर्जात हवे असते. घरी सगळे ज्या नावाने हाक मारतात ते, किंवा आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे पडले, की शोधात बंदी सापडतच नाही. अशा वेळी वकिलाकडच्या आदेशाच्या प्रतीवरचे नाव पाहून अर्ज पुन्हा भरावा. दुसरे कारण तारखेचे. त्याच दिवशी बंद्याची न्यायालयात तारीख असेल, त्याला रुग्णालयात नेले असेल किंवा दुसऱ्या कारागृहात हलवले असेल तर भेट होत नाही. कच्च्या कैद्याच्या घरच्यांनी म्हणून न्यायालयाची पुढची तारीख आधी पाहावी आणि ती टाळून अर्ज करावा. तिसरे कारण कोटा संपल्याचे. त्या आठवड्यात भाऊ प्रत्यक्ष भेटून गेला असेल, तर पत्नीचा व्हिडिओ अर्ज नाकारला जाऊ शकतो. मोठ्या कुटुंबात पाळी कोणाची हे घरातच ठरवलेले बरे. नाहीतर ज्याच्या हातात स्मार्टफोन तो भेटतो आणि म्हातारी आई राहून जाते.

कॉल सुरू असतानाही देखरेख असते. अर्जात नसलेला चेहरा पडद्यावर आला, कोणी तिसऱ्या माणसाला फोनवर जोडले किंवा चित्रण करू लागले, तर कॉल तोडला जातो आणि पुढची भेट अडचणीत येते. नेटवर्क गेले तर गेलेली मिनिटे भरून मिळतीलच असे नाही. गावात रेंज धड नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी कोणाकडे तरी बसून बोलणे शहाणपणाचे. काही गंभीर गुन्ह्यांतल्या, विशेषतः दहशतवादाशी संबंधित खटल्यांतल्या बंद्यांना व्हिडिओ व फोनची सवलत वेगळ्या अटींवर मिळते किंवा मिळतच नाही.

फोन ही आणखी एक वाट. येरवड्यासारख्या कारागृहांत बंद्यांसाठी स्मार्ट कार्डवर चालणारे फोन आले आहेत. त्यात आधी तपासून मंजूर केलेल्या क्रमांकांवरच बोलता येते. वापर चालू नसलेला किंवा दुसऱ्याच्या नावावर असलेला क्रमांक दिला तर पडताळणीत तो अडकतो.

वकिलाची भेट या सगळ्यापासून वेगळी धरली जाते. तिथे अधिकारी पाहू शकतो, पण ऐकू शकत नाही, हे तत्त्व मुलीन खटल्यातही मान्य झाले होते. व्हिडिओची सोय आता याही भेटींत येऊ लागली आहे. दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल तिहारमध्ये असताना वकिलांशी आठवड्याला दोन भेटी त्यांना अपुऱ्या वाटत होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्यांना व्हिडिओद्वारे आणखी दोन भेटी दिल्या. म्हणजे ठरलेली संख्या ही शेवटची मर्यादा नाही. पटण्याजोगे कारण दाखवले तर ती वाढू शकते. मात्र सामान्य बंद्याजवळ हे कारण न्यायालयापर्यंत नेणारा वकील असतोच असे नाही.

शिस्तभंगाची शिक्षा म्हणून भेटीची सवलत रोखली जाते, अशा तक्रारी होतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनुसार घरच्यांशी संपर्क पूर्ण तोडणे ही शिक्षा असू शकत नाही. सुरक्षेसाठी अगदी आवश्यक असेल तेवढाच आणि मर्यादित काळापुरता तो कमी करता येतो. हे नियम भारतातल्या न्यायालयांवर थेट बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादात त्यांचा आधार घेतला जातो.

भेट वारंवार नाकारली जात असेल तर आधी अधीक्षकांकडे लेखी अर्ज करून कारण विचारावे, कारण तोंडी नकाराची नोंद राहत नाही. तेथे दाद लागली नाही तर कच्च्या कैद्याचा खटला ज्या न्यायालयात चालू आहे तिथे अर्ज देता येतो. त्यासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीत असलेल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असले, तरी मोफत वकील मिळतो.