एक उंबरठा की दोन? संध्याकाळचा दिवा थरथरतो तेव्हा

हेडफोन लावलेत ना? आजचा प्रश्न अगदी साधा आहे. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा तुम्ही पाहिला असेल. त्यातले काही दिवे नेमके दिवेलागणीच्या वेळी थरथरतात आणि आतून रिलेची करकर ऐकू येते. मिनिटभरानं सगळं शांत होतं. सेन्सर बिघडलाय का? बहुतेक वेळा नाही. सर्किट सांगितलेलं काम अगदी इमानेइतबारे करत असतं आणि गडबड तिथेच होते.

गावाकडे गोठ्याच्या दारात मी असा एक दिवा लावलाय, त्याचंच उदाहरण घेऊ. खांबावर एलडीआर आहे, म्हणजे उजेड कमी झाला की ज्याचा रोध वाढतो असा छोटा सेन्सर. तो एका साध्या रेझिस्टरबरोबर ५ व्होल्टवर जोडलाय. अंधार वाढतो तसा त्यांच्या जोडावरचा व्होल्टेज वर चढतो. हा व्होल्टेज लांब वायरीनं कंपॅरेटरकडे येतो. माझ्याकडे एलएम३९३ ही चिप आहे, बाजारात सहज मिळते आणि स्वस्तही आहे. कंपॅरेटरचं काम एकच: दोन व्होल्टेजची तुलना करायची आणि कोण मोठं ते सांगायचं. एका बाजूला सेन्सर, दुसऱ्या बाजूला २.५ व्होल्टचा ठरलेला उंबरठा. सेन्सर उंबरठ्याच्या वर गेला की दिवा लावायचा, खाली आला की बंद करायचा.

आता हिशेब करू. समजा संध्याकाळी हा व्होल्टेज १ व्होल्ट चढायला २० मिनिटं घेतो. म्हणजे सेकंदाला एक मिलिव्होल्टही नाही, साधारण ०.८३. अगदी गोगलगायीची चाल. त्यात लांब वायर आसपासच्या विजेच्या तारांमधून ५० हर्ट्झची गुणगुण उचलते. ती ३० मिलिव्होल्ट वर आणि ३० खाली, म्हणजे एकूण ६० मिलिव्होल्टची आहे असं धरा. सरासरी व्होल्टेज २.४७ ला पोचला की गुणगुणीचं टोक २.५ ला शिवायला लागतं. सरासरी २.५३ च्या वर गेल्यावरच हे शिवणं थांबतं. मधले ६० मिलिव्होल्ट पार करायला आपल्या गोगलगायीला ७२ सेकंद लागतात. त्या वेळात गुणगुण सेकंदाला ५० वेळा वरखाली होते. ७२ गुणिले ५०, म्हणजे ३,६०० वेळा "लाव, बंद कर, लाव, बंद कर"!

रिलेला इतक्या वेगानं सगळे हुकूम पाळता येत नाहीत. तो अर्धवट उचलतो, अर्धवट सोडतो आणि प्रत्येक वेळी कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. छोट्या रिलेच्या माहितीपत्रकात लोडसकट साधारण १ लाख वेळा उघडझाप असं आयुष्य दिलेलं असतं. रोज संध्याकाळी आणि पहाटे असे शेकडो खटके खर्च झाले, तर तो किती दिवस टिकणार?

मग तुम्ही म्हणाल, कपॅसिटर लावून गुणगुण गाळून टाक ना! गाळू, त्यानं फायदा होतोच. पण ६० मिलिव्होल्टचे २ केले तरी ते पार करायला सव्वादोन-अडीच सेकंद लागतात, म्हणजे शंभरेक खटके उरतातच. सिग्नल जितका संथ, तितका तो उंबरठ्यावर जास्त वेळ रेंगाळतो. गोंगाट शून्य करता येत नाही, म्हणून उपाय उंबरठ्यातच करावा लागतो.

तो उपाय म्हणजे हिस्टेरिसिस. एकाऐवजी दोन उंबरठे ठेवायचे: लावण्यासाठी वरचा, बंद करण्यासाठी खालचा. मधल्या पट्ट्यात असताना जे चालू आहे तेच चालू ठेवायचं. ऑटो श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञानं असं सर्किट १९३८ साली प्रसिद्ध केलं, तेव्हा ते व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचं. म्हणून याला आजही श्मिट ट्रिगर म्हणतात.

यासाठी फक्त एक रेझिस्टर जास्तीचा लागतो. २.५ व्होल्टचा उंबरठा मी १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी बनवलाय आणि तो चिपच्या प्लस इनपुटला दिलाय. सेन्सर मायनसला आहे. आता आउटपुटपासून त्याच प्लस इनपुटला १०० किलोओहम जोडायचा. आउटपुट वर असताना हा रेझिस्टर उंबरठ्याला थोडं वर ओढतो, तो जवळपास २.६ होतो. आउटपुट खाली गेलं की तो उंबरठ्याला खाली खेचतो, साधारण २.४ वर. एक लक्षात ठेवा: एलएम३९३ आउटपुट फक्त खाली ओढू शकते. वर न्यायला ५ व्होल्टकडे एक पुल-अप रेझिस्टर लागतो, मी ४.७ किलोओहमचा लावलाय. तो नसेल तर वरचा उंबरठा नीट मिळतच नाही. माझं रिले मॉड्यूल इनपुट खाली गेल्यावर चालू होणारं आहे, म्हणून हे बरोबर जुळतं.

आता तीच संध्याकाळ परत चालवू. दिवसा उंबरठा २.६ आहे. सरासरी २.५७ ला आली की गुणगुणीचं टोक २.६ ला शिवतं, आउटपुट खाली पडतं आणि दिवा लागतो. त्याच क्षणी उंबरठा २.४ वर सरकतो. पुढच्या क्षणी गुणगुण सिग्नलला खाली नेईल, पण कितीपर्यंत? २.५४. बंद होण्याची रेषा तर २.४ वर आहे. ३,६०० खटक्यांच्या जागी एकच खटका.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे असं दिसतं:

```
if (!lampOn && v > 2.6) lampOn = true;
else if (lampOn && v < 2.4) lampOn = false;
```

रेझिस्टर इथे `lampOn` लक्षात ठेवायचं काम करतो.

याची किंमत काय? लावण्याच्या आणि बंद करण्याच्या उजेडात फरक पडतो. ०.२ व्होल्ट म्हणजे आपल्या चालीनं चार मिनिटं. गोठ्याच्या दिव्याला चालतंय. पण पट्टा उगाच मोठा केला, तर सकाळी उजाडल्यावरही दिवा जळत राहील. पट्टा एकूण गुणगुणीच्या दोन-तीन पट पुरतो. गुणगुण मोजायला मल्टीमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा आणि आकड्याला २.८ नं गुणा. आमच्या उदाहरणात मीटर २१ दाखवेल, म्हणजे ६०.

हिस्टेरिसिसनं सगळंच सुटतं असं नाही. रात्री गाडीचा हेडलाइट एलडीआरवर पडला, तर सिग्नल २.४ च्या खाली जातो आणि दिवा विझतो. हिस्टेरिसिस किती बदल झाला ते बघतो, किती वेळ झाला ते नाही. तिथे वेळेचा विलंब हवा. दुसरी गंमत म्हणजे दिव्याचा स्वतःचा उजेड एलडीआरवर पडतो. मग दिवा लागला की सर्किटला वाटतं उजाडलं, विझला की वाटतं रात्र झाली. यावर उपाय म्हणजे एलडीआरचं तोंड फिरवणं.

दोन्ही बिघाड ओळखायचे कसे? कान द्या. वेगानं करकर होत असेल, तर पट्टा गुणगुणीपेक्षा लहान आहे. एकसारखी, निवांत उघडझाप होत असेल, तर हातानं एलडीआरवर दिव्याचा उजेड अडवून बघा. उघडझाप थांबली तर दोष दिव्याच्या उजेडाचा आहे, रेझिस्टर बदलून काही होणार नाही.

तुमच्याकडचा दिवा कोणत्या प्रकारात बसतो ते आज संध्याकाळी बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!