विश्लेषण : कथेतला प्रसंग दोन-तीन पानांत कसा तापतो?

कथेत दोन पात्रे तावातावाने भांडतात, तरीही वाचक कंटाळतो. याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : कोणाला नेमके काय हवे आहे, हेच कळत नाही. आवाज चढला म्हणून संघर्ष वाढत नाही. हवी असलेली गोष्ट दर प्रयत्नाला महाग होत गेली, की तो वाढतो.

इच्छा किती नेमकी हवी?

समजा, प्रकाशला थोरल्या बहिणीकडून वडिलांच्या घराचे हक्कसोडपत्र करून हवे आहे. ‘त्याला घर हवे आहे’ एवढ्यावर प्रसंग उभा राहत नाही. ‘उद्या सकाळी 11 वाजता सुमनताईने दुय्यम निबंधक कार्यालयात यायला हवे’, ही इच्छा मात्र पुरेशी नेमकी आहे. ती पूर्ण झाली की नाही, हे शेवटी सांगता येते. आता अडथळा : ताईची परतीची गाडी आज रात्रीचीच आहे. तिची भरलेली बॅग पहिल्याच परिच्छेदात दाराशी दिसते.

ताण कसा चढतो?

प्रकाश आधी सहज विषय काढतो, ‘‘ताई, उद्याचा दिवस राहा. एक सही आहे फक्त.’’ ताई काही न बोलता चहा ओतत राहते.

मग तो अडचण सांगतो. कर्जासाठी घर त्याच्या एकट्याच्या नावावर हवे आहे. ताई विचारते, ‘‘आईच्या आजारपणात मी पैसे पाठवले, तेव्हा घर दोघांचं होतं ना?’’ अडवणारीची बाजूही खरी ठरते आणि वाचकाला एकाची बाजू घेणे अवघड जाते.

शेवटी तो बोलून जातो, ‘‘मग यापुढे माहेर आहे असं समजू नकोस.’’ ताई बॅग उचलते. सही तर मिळत नाहीच, बहीणही दुरावते.

विनंती, अडचण, धमकी असे तीन वेगळे प्रयत्न झाले. एकच मुद्दा तीनदा मांडला असता, तर फक्त पाने वाढली असती.

अडथळा आधी दिसावा

विजय तेंडुलकरांच्या, 1967 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात सुरुवातीलाच दाराची कडी बेणारेच्या बोटाला लागते. पुढे ती निघून जाऊ पाहते, तेव्हा तेच दार उघडत नाही. कडी आधी दिसली नसती, तर तो निव्वळ योगायोग वाटला असता.

फसलेला प्रसंग कसा ओळखावा?

मधला प्रयत्न झाकून प्रसंग पुन्हा वाचावा. शेवट तसाच पटत असेल, तर त्या प्रयत्नाने काहीच बदललेले नाही. तो काढावा किंवा त्याची किंमत वाढवावी. शेवट नकारानेच व्हावा असेही नाही. ताई सही करून कायमची निघून गेली, तरी प्रसंग उभा राहतो.